अठ्ठेचाळीस चमचे धने

त्या दुपारी काकूंनी तिन्ही स्टीलचे डबे काउंटरवर ठेवले आणि नेहमीसारखं पाणी मागितलं नाही, तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याचं कळायला हवं होतं. पण मी मसाल्याच्या दिवसांत सकाळपासून नाकाला रुमाल बांधून उभी असते. मिरचीने डोळे चुरचुरत असतात, कान यंत्राच्या ठकठकीने बधिर झालेले असतात. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायला सवड नसते.

पंचवटीत आमचं छोटं मसाला कांडप आहे. आम्ही दोघी ते चालवतो, मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांना मी ताई म्हणते. त्या निफाडकडच्या. इतकी वर्षं शहरात राहूनही बोलणं तिकडचंच ठेवलंय त्यांनी. मिरची, हळद, मोठे मसाले डंक्यावर, म्हणजे कांडपाच्या मोठ्या यंत्रावर, त्या करतात. थोडंथोडकं, म्हणजे पाव किलो धने, मूठभर मिरे, ते माझ्याकडे. त्यासाठी आतल्या खोलीत एक दणकट मिक्सर आहे. वाटणी कुणी करून दिलेली नाही, हळूहळू तशी पडत गेली.

काकू म्हणजे आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या, जेवणाचे डबे देणाऱ्या बाई. त्यांचं गिऱ्हाईक बहुतेक म्हातारी माणसं. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, घरात दोघंच, कुणाला उभं राहून स्वयंपाक होत नाही, अशी. काकूंच्या हाताला चव आहे. त्या मसाला विकतचा वापरत नाहीत आणि आमच्याशिवाय दुसरीकडे दळत नाहीत.

आजवर त्या फोडणीत आणि रश्शात जिरे, धने, मिरे आख्खेच घालायच्या. धने जरा चेचून, एवढंच. पण त्यांच्या एका आजोबांच्या दाताखाली आख्खा मिरा आला आणि दाढेचा तुकडाच पडला. दुसऱ्या एक आजी कवळी लावतात. त्या म्हणाल्या, धन्याची टरफलं कवळीखाली जाऊन बसतात, जेवण नको होतं. तेव्हा काकूंनी ठरवलं की आता सगळं पूड करूनच घालायचं. अडचण एकच होती. त्यांच्या भाज्यांचं सगळं प्रमाण आख्ख्या मसाल्याच्या चमच्यांत होतं. पूड घातली तर किती चमचे घालायची? म्हणून त्यांनी सुनेच्या केकच्या सामानातला मोठा मापाचा चमचा घेतला, प्रत्येक चमचा सुरीने सपाट करत तिन्ही जिन्नस मोजले, वेगवेगळ्या डब्यांत भरले, आणि सकाळी माझ्याकडे दिले.

"वेगवेगळंच दळ बरं का," एवढंच त्या सकाळी म्हणाल्या होत्या. मोजल्याचं सांगितलं नव्हतं. आणि त्या घरच्यासारख्या म्हणून मी वजन केलं नव्हतं. इतरांचं करते. त्यांचं कधीच केलं नाही.

आता दुपारी त्या परत आल्या होत्या.

"अगं, एक विचारू का?" त्यांचा आवाज इतका हळू होता की मला डंका थांबेपर्यंत ऐकूच आलं नाही. "धने कमी आलेत."

"कमी म्हणजे?"

"अठ्ठेचाळीस चमचे दिले होते. घरी जाऊन मोजले, छत्तीस भरले. दोनदा मोजले. सुनेनेही मोजले."

मी हसले. खरंच हसले, कारण मला वाटलं त्यांचा मोजण्यात घोळ झालाय. "थोडं भांड्याला चिकटतं काकू. थोडं उडतं."

"बारा चमचे?"

मिक्सरचं भांडं मी दर जिन्नसामागे ब्रशने झाडून घेते. चिकटून चिकटून किती चिकटणार, चिमूटभर.

"जिरे सोळा चमचे होते, ते चौदाच्या आतबाहेर आले," काकू पुढे म्हणाल्या. "ते मी समजून घेतलं असतं. पण मिरे..." इथे त्या थांबल्या. त्यांनी तिसऱ्या डब्यावर हात ठेवला. "मिरे बारा चमचे होते. पूड पंधरा चमचे झाली."

डंका थांबलेला होता. ताई पदराने हात पुसत बाहेर आल्या होत्या आणि सगळं ऐकत होत्या.

मला पहिल्यांदा त्या वाक्याचा अर्थच लागला नाही. कमी झालं तर समजतं, चोरी म्हणता येते, सांडलं म्हणता येतं. पण जास्त कसं होईल? दळल्यावर वस्तू वाढते कुठे? आणि मग लागला अर्थ. जास्त झालं म्हणजे काहीतरी मिसळलं. मिऱ्यात पपईच्या वाळलेल्या बिया मिसळतात, हे तर शाळकरी पोरांनाही माहीत असतं. पूड झाल्यावर ओळखायचं कसं? काकूंच्या तोंडातून भेसळ हा शब्द निघाला नाही. पण तो काउंटरवर, त्या तीन डब्यांच्या शेजारी, येऊन बसला होता.

खरं सांगायचं तर मी काउंटरची कड धरली. इतक्या वर्षांत पैशांवरून कटकटी झाल्या होत्या, मिरची जाड राहिली म्हणून बोलणी खाल्ली होती, पण धने काढून घेतले आणि मिऱ्यात भेसळ केली असं कुणी मला म्हटलं नव्हतं. तेही काकूंनी. माझ्या बाळंतपणात ज्यांनी मला डिंकाचे लाडू आणून दिले होते, त्या काकूंनी.

मी काही बोलायच्या आत ताई आत गेल्या. मला वाटलं पाणी आणायला गेल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात माझी पिशवी होती. घरी न्यायची, खुंटीला टांगलेली. त्यांनी तिच्यातून एक डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यासमोर धरला.

आत धनेपूड होती.

"ही कुनाची हाय?" ताईंनी विचारलं.

"घरची," मी म्हणाले. "माझे घरचे धने होते. सकाळी काकूंचं झाल्यावर दळून घेतले."

"काकूंचं झाल्यावर?"

"हो."

ताई माझ्याकडे बघत होत्या. आमचं नातं सोपं नाही, पण वाईटही नाही. एकाच चुलीवर आम्ही वर्षानुवर्षं राबलोय, सासूबाईंचं आजारपण दोघींनी काढलंय, एकमेकींच्या मुलांना वेळ पडली तर फटकावलंय. मला त्यांच्या सगळ्या नजरा माहीत होत्या. ही माहीत नव्हती.

"तू काडलेस का गं?" त्या म्हणाल्या. "खरं सांग. काडले असतील तर आत्ताच सांग, आपन काकूंना भरून देऊ."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. उलट समजुतीने विचारलं होतं, लहान मुलाला विचारतात तसं. तेच जास्त लागलं. मला म्हणायचं होतं की ताई, तुम्ही मला ओळखत नाही का. मी नुसती मान हलवली. दोनदा, तीनदा. आणि मला जाणवलं की चोर पण अशीच मान हलवतो.

काकू घाबरल्या. "अहो, असं नका बोलू तिला. मी तसं म्हणाले नाही. मी फक्त विचारायला आले." मग त्या गडबडून काहीबाही बोलत सुटल्या, वाद मिटवायला माणूस बोलतो तसं. "कदाचित माझंच मोजताना चुकलं असेल. पाव किलोचं पाकीट होतं धन्याचं, सीलबंद, सगळंच्या सगळं मोजलं. जिऱ्याचं आणि मिऱ्याचं शंभर-शंभर ग्रॅमचं. पाकिटं अजून ओट्यावर पडलीयेत..."

मी पाकीट हा शब्द ऐकला आणि भानावर आले.

"सगळं भरलं होतं? काही ठेवलं नव्हतं घरी?"

"काही नाही. दाणासुद्धा नाही."

मी वजनकाटा पुढे ओढला. काट्यावर कागद ठेवून काकूंची धनेपूड ओतली. सगळी. कागदाचं वजन आधी शून्य करून घेतलं होतं. थोडी पूड काट्याच्या बाजूला सांडली, ती मी पोस्टकार्डाने ओढून पुन्हा कागदावर घेतली, कारण त्या घटकेला ती चिमूटभर पूडसुद्धा मला सोडायची नव्हती.

आकडे वर चढले, अडखळले, थांबले. दोनशे शेहेचाळीस.

मी जिऱ्याची पूड ओतली. अठ्ठ्याण्णव. मग मिरपूड. मला वाटलं आता इथे काय दिसणार. जर एकशे पंचवीस दिसलं तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. मी मिसळलं नव्हतं हे मला ठाऊक होतं आणि तरीही मला भीती वाटत होती, एवढं ताईंच्या त्या नजरेने मला हलवून टाकलं होतं.

नव्व्याण्णव.

"म्हंजे?" ताई म्हणाल्या.

"म्हणजे कुणी काही काढलं नाही आणि कुणी काही घातलं नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "वजन आहे तेवढंच आहे."

काकू मटकन स्टुलावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण त्यांचा चेहरा सुटला नव्हता, गोंधळलेलाच होता. माझाही. सुटका झाली होती, पण कोडं तसंच होतं. एकाच मिक्सरमधून, एकाच चमच्याने, धने कमी आणि मिरे जास्त. वजन दोन्हीचं जागच्या जागी. मला त्या क्षणी असं वाटलं की मी इतकी वर्षं रोज हे हाताळतेय आणि मला यातलं काहीच कळत नाही. आम्ही नेहमी वजनावर काम करतो. चमच्याने आम्हाला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"डोळ्यासमोर करू," मी म्हणाले. "काकू, तुमचा चमचा द्या."

आम्ही थोडे आख्खे मसाले विकायलाही ठेवतो. मी बरणीतून धने काढले आणि काकूंना मोजायला लावले. सपाट बारा चमचे. त्यांच्यासमोर दळले, भांडं झाडलं, पूड परत त्यांच्या हातात दिली. त्यांनी मोजली. नऊ. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा मोजली. नऊच.

मग मिरे. बारा चमचे आख्खे. मिक्सर थांबला, मी झाकण काढलं, आणि तिघीही शिंकलो. एवढ्या ताणात ती शिंक इतकी वेळेवर आली की एरवी हसू फुटलं असतं. कुणी हसलं नाही. काकू नाक पुसत मोजत होत्या. तेरा, चौदा. आणि पंधराव्या चमच्याला पूड होतीच. त्यांनी चमचा तसाच हवेत धरून ठेवला. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "हे माझ्या समोर वाढलं."

ताईंनी बरणीतला एक धना उचलला आणि दोन नखांमध्ये दाबला. तो फटकन दोन डाळ्यांत फुटला. त्यांनी तळहात पुढे केला. आतून दोन्ही डाळ्या वाटीसारख्या खोलगट होत्या. मध्ये नुसती पोकळी. आख्खा धना म्हणजे बरीचशी हवा आणि भोवती टरफल. शिवाय गोल दाण्यांमध्ये फट राहते ती वेगळी. चमचाभर धने म्हणून आपण जे घेतो, त्यातली बरीच जागा रिकामीच असते. दळल्यावर ती पोकळी मोडते आणि पूड खाली बसते.

मग मी एक मिरा दाताखाली फोडला. तो आतून भरलेला, दगडासारखा. त्यात मोडायला पोकळी जवळजवळ नाही. दळल्यावर त्याचे टोकदार कण होतात, ते एकमेकांवर नीट बसत नाहीत, भुसभुशीत राहतात आणि मध्ये हवा धरतात. मी मिरपुडीचा डबा काउंटरवर दोन-चारदा आपटला तर पातळी बोटाच्या पेराएवढी खाली गेली. जिरे या दोघांच्या मधले. लांबट, बारीक, थोड्या फटी, म्हणून थोडेसेच कमी झाले.

"म्हणजे मी काय धरू?" काकूंनी विचारलं. आता त्यांचा आवाज कामाचा झाला होता. घरी सांजच्या डब्यांची तयारी थांबली होती.

आम्ही तिघींनी मिळून हिशोब लावला. आख्खे धने चमचाभर घालत असतील तर धनेपूड पाऊण चमचा. जिरे चमचाभर, तर जिरेपूड चमच्याला थोडी कमी, काठोकाठ न भरता. मिरे चमचाभर, तर मिरपूड सव्वा चमचा. "पण काकू, मिरपूड लगेच सव्वा घालू नका," मी म्हणाले. "आख्खा मिरा रश्शात पडून राहतो, निम्मा तिखटपणा त्याच्या पोटातच असतो. लोक तो बाजूला काढून टाकतात. पूड सगळी रश्शात उतरते. आधी त्याच्या अर्धीच घाला, चव बघा. आणि डबा आपटून मग मोजू नका, भुसभुशीत असतानाच मोजा, नाहीतर हे सगळं फिरेल." बारीक आणि जाडसर दळण्यानेही फरक पडतो, हेही सांगितलं. काकू ओठ हलवत पाठ करत होत्या. पाऊण, थोडी कमी, सव्वा.

जाताना त्यांनी माझा हात धरला. "माझं चुकलं गं."

"तुम्ही विचारलंत," मी म्हणाले. "विचारायलाच हवं होतं."

ते मी मनापासून बोलले. काकूंचा मला राग नव्हता. त्यांनी मोजलं होतं आणि त्यांना फरक दिसला होता. त्यांच्या जागी मी असते तर मीही आले असते, कदाचित एवढ्या हळू आवाजात बोललेसुद्धा नसते.

त्या गेल्यावर ताई डंक्याकडे वळल्या. मिरचीचा अर्धा घाणा राहिला होता. त्यांनी बटण दाबलं नाही. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "मी नुस्तं इचारलं."

"माझी पिशवी उघडलीत तुम्ही."

"हां. उघडली." त्या डंक्यातली मिरची हाताने सारखी करत राहिल्या. "ह्या गल्लीत लोक काय बोलतेत कांडपवाल्यांबद्दल, तुला माहीत नाय का? दर पायलीमागं मूठ मारतेत म्हनतेत. काकूंनी बाहेर जाऊन शब्द काडला असता तर दुकान बसलं असतं. मला वाटलं, बाहेरच्यानं म्हनायच्या आत आपनच साफ करून घ्यावं."

"पण तुम्हाला वाटलं ना? मी काढले असतील, असं?"

त्यांनी लगेच नाही म्हटलं असतं तर मी कदाचित मानलं असतं. त्या वळल्या, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "घटकाभर वाटलं. खोटं कशाला बोलू."

मला पुन्हा धक्का बसला, त्या दिवसातला सगळ्यात मोठा. आणि चमत्कारिक म्हणजे त्या धक्क्याखाली कुठेतरी मला बरंही वाटलं, की त्या खोटं बोलल्या नाहीत. पण ते फार खाली होतं. वरती नुसती आग होती. मी तोंडावर पाणी मारलं, रुमाल पुन्हा बांधला आणि मिक्सरचं भांडं धुवायला घेतलं. त्यांनी डंका सुरू केला. संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही, आणि त्या आवाजात बोलायची गरजही पडली नाही.

घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. नवऱ्याने विचारलं, आज एवढी गप्प का, तर म्हणाले मिरचीने डोकं उठलंय. त्याच्या भावाच्या बायकोबद्दल त्याला काय सांगणार? सांगितलं असतं तर दोन घरं पेटली असती, आणि ती पेटवायची नसतील तर सांगून काय उपयोग. पण रात्रभर ताईंचं ते "काडलेस का गं" कानात वाजत राहिलं.

पुढच्या आठवड्यात काकू आल्या त्या हसत. मिरपूड आधी अर्धी घातली तरी एका आजींना ठसका लागला म्हणे. पण दाढ तुटलेल्या आजोबांनी डब्यासोबत निरोप पाठवला की आज जेवण सुखाचं झालं. धनेपूड पाऊणच्या हिशोबाने अगदी बरोबर बसली. काकूंनी आम्हा दोघींसाठी त्या रश्शाची वाटी आणली होती. आम्ही ती उभ्या उभ्याच, एकाच चमच्याने, आळीपाळीने खाल्ली. ताईंनी मला शेवटचा घास ठेवला. मी तो खाल्ला.

अजूनही आम्ही दोघीच ते कांडप चालवतो. ताईंचं आणि माझं जमतं, पूर्वीइतकंच, कदाचित थोडं जास्त जपून. त्या दुपारबद्दल आम्ही कधी बोललो नाही. पण कधी कधी आख्खे धने हातात घेतले की मला वाटतं, ज्या माणसाला आपण भरलेलं समजतो त्याच्यात किती जागा रिकामी असते ते दळल्याशिवाय कळत नाही, आणि मग वाटतं, जाऊ दे, धन्यांना काय त्याचं. मी मिक्सर लावते. बाहेर कुणीतरी ओरडत असतं की हळद झाली का, आणि ताई ओरडून उत्तर देतात की झाली, झाली, या घेऊन जा.